अ‍ॅपला गॅलरी न दाखवता फोटो द्यायचा तर

फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाच्या चोरट्या कोडचा माग जाहीर केला. हा कोड गूगल प्लेवरच्या आणि अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरच्याही काही अ‍ॅप्समध्ये दडलेला होता. त्यातली गूगल प्लेवरची अ‍ॅप्स मिळून 2 लाख 42 हजारांहून जास्त वेळा डाउनलोड झाली होती. त्यांत जेवण घरपोच देणारं एक अ‍ॅपही होतं. त्यात ग्राहक मदतीसाठी चॅट उघडायचा, की गॅलरीची परवानगी मागितली जायची. तक्रार करायची म्हणजे बिलाचा नाहीतर चुकीच्या पदार्थाचा फोटो जोडायचा असणारच, म्हणून मागणीत कुणालाही वावगं वाटलं नाही. परवानगी मिळाल्यावर तो कोड गॅलरीतल्या चित्रांमधला मजकूर यंत्राने वाचून काढायचा. त्याला हवा होता क्रिप्टो वॉलेट परत मिळवण्यासाठीच्या शब्दांचा स्क्रीनशॉट. हे 12 किंवा 24 शब्द ज्याच्या हाती लागले, त्याच्या हाती वॉलेट गेलंच.

यात फोनची कुठलीही भिंत फोडावी लागली नाही. परवानगी मागितली आणि माणसाने ती दिली, एवढंच. फोटो द्यायचा होता एक आणि दिली गेली अख्खी गॅलरी. हा व्यवहार इतका विषम का होता, याचं उत्तर फोनच्या जुन्या रचनेत आहे.

अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत बंद असतं आणि त्याला दुसऱ्याच्या फाइल्स दिसत नाहीत. तुमचे फोटो मात्र सगळ्यांच्या सामाईक साठ्यात असतात. पूर्वी त्या साठ्याला READ_EXTERNAL_STORAGE नावाची एकच किल्ली होती. अँड्रॉइड 13 मध्ये तिचे फोटो, व्हिडिओ आणि ऑडिओ असे तुकडे झाले, पण फोटोंची किल्ली मिळाली की सगळे फोटो मिळाले, हे तसंच राहिलं. अ‍ॅप स्वतःच्या पडद्यावर तुमच्या फोटोंची जाळी मांडायचं आणि तुम्ही त्यातून एक निवडायचात. तुमच्यासाठी ती निवड होती. अ‍ॅपसाठी नव्हती, कारण जाळी मांडण्यापूर्वीच त्याच्या हाती सगळं आलेलं असायचं.

फोटो निवडण्याचा फोनच्या सिस्टिमचा स्वतःचा पडदा, म्हणजे फोटो पिकर, ही जाळी अ‍ॅपच्या हातून काढून घेतो. आयफोनवर तो सध्याच्या रूपात 2020 मध्ये आयओएस 14 सोबत आला आणि अँड्रॉइडवर 2022 मध्ये अँड्रॉइड 13 सोबत. पुढे जुन्या अँड्रॉइड फोनांवरही तो गूगलच्या अपडेटमधून पोहोचला. तुम्ही अ‍ॅपमध्ये ‘फोटो जोडा’ दाबता, तेव्हा अ‍ॅप सिस्टिमला फक्त एवढंच सांगतं की मला एक चित्र हवं आहे. खालून जो पडदा सरकत वर येतो, तो अ‍ॅपचा नसतो, सिस्टिमचा असतो. तो वेगळ्या प्रक्रियेत चालतो आणि अ‍ॅपच्या वर तरंगत असला तरी त्यात काय दिसतंय हे अ‍ॅपला कळत नाही. तुम्ही किती वेळ शोधलंत, कोणत्या अल्बममध्ये डोकावलात, कोणत्या फोटोवर घुटमळून पुढे गेलात, यातलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. म्हणूनच पिकरला परवानगीची खिडकी लागत नाही. तुमचं बोट फोटोवर टेकलं, हीच परवानगी.

निवड झाली की अ‍ॅपच्या हातात एक पत्ता पडतो. अँड्रॉइडवर तो साधारण असा दिसतो:

```
content://media/picker/0/com.android.providers.media.photopicker/media/1000000033
```

शेवटचा आकडा म्हणजे त्या चित्राचा क्रमांक. फोटो कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते यात नाही. फाइलचं मूळ नावही अ‍ॅपला दिलं जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या नावातच तारीख आणि WA ही अक्षरं असतात, हे आठवलं तर त्याचं मोल कळेल. अ‍ॅपने क्रमांक बदलून शेजारचा फोटो मागून पाहिला, तर सिस्टिम नकार देते, कारण वाचायची मुभा त्या एका पत्त्यापुरतीच नोंदलेली असते. ही मुभाही तात्पुरती असते. फोन पुन्हा सुरू केला किंवा अ‍ॅप बंद पडलं की ती संपते. ती टिकवून हवी असेल, तर अ‍ॅपला तसं वेगळं मागावं लागतं.

आता स्पार्ककॅटचाच कोड अशा अ‍ॅपमध्ये आहे असं समजू, ज्याच्याकडे गॅलरीची परवानगीच नाही आणि चॅटमध्ये फक्त पिकर आहे. ग्राहक बिलाचा फोटो निवडतो. कोड तो वाचतो, त्यात त्याला बटाटेवड्याची किंमत सापडते आणि शोध तिथेच थांबतो. कोड तितकाच चोरटा राहिला, पण त्याच्यासमोर गॅलरी नाही.

आणि खोटा पिकर? तसाच दिसणारा पडदा कुणीही काढू शकतं. पण परवानगी नसलेल्या अ‍ॅपकडे त्यात मांडायला तुमचे फोटो कुठून येणार? नक्कल रिकामीच राहील.

पिकरच्या मर्यादाही खऱ्या आहेत. दिलेला फोटो परत घेता येत नाही. मुभा संपली तरी अ‍ॅपने तोवर त्याची प्रत काढून सर्व्हरवर पाठवलेली असू शकते. फोटोच्या पोटात दडलेल्या ठिकाणाच्या नोंदीबाबत दोन फोन वेगळे वागतात. अँड्रॉइडचा पिकर ती पुसून देतो. आयफोनवर ती सोबत जाऊ शकते, पण आयओएस 17 पासून पिकरमधल्या पर्यायांत जाऊन ती वगळता येते.

भारतात अख्खी गॅलरी हाती देण्याची ही गोष्ट कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्समुळे अनेकांच्या अंगावर आली. वसुलीसाठी फोनमधले फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवण्याच्या धमक्या दिल्या जात. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅप्सना फोनमधल्या फाइल्स, फोटो, संपर्क यादी यांना हात लावायला मनाई केली आणि 2023 मध्ये गूगल प्लेनेही तसाच नियम आणला. पण केवायसीसाठी स्वतःहून दिलेला सेल्फी विद्रूप करायला पुरेसा असतो, आणि तिथे पिकर काहीच करू शकत नाही.

अँड्रॉइड 14 ने एक मधला मार्गही काढला. परवानगीच्या खिडकीत ‘सगळे फोटो’ सोबत ‘निवडक फोटो’ हाही पर्याय आला. दिसायला तो पिकरसारखा, पण मागे जुनीच रचना. तुम्ही तीन फोटो निवडता, दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच्या जाळीत तेच तीन दिसतात, चौथा हवा असतो, आणि वैतागून माणूस सगळंच देऊन टाकतो. माझ्या मते हा पर्याय पिकर न वापरणाऱ्या अ‍ॅप्सवरची मलमपट्टी आहे. गॅलरी दाखवणारं किंवा सगळ्या फोटोंचा बॅकअप घेणारं अ‍ॅप असेल, तर त्याला पूर्ण किल्ली लागणारच. तक्रारीचा एक फोटो घेणाऱ्याला ती कशाला? गूगल प्लेनेही 2023 मध्ये हेच धोरण जाहीर केलं आणि 2025 पासून लागू केलं: फोटो क्वचित लागत असतील तर पिकर वापरा, सगळे हवे असतील तर कारण सांगा.

तुमच्या फोनवरचं अ‍ॅप कोणत्या वाटेने जातं, ते पाहणं सोपं आहे. ‘फोटो जोडा’ दाबल्यावर आधी परवानगीची खिडकी आली, तर ते किल्ली मागतंय. थेट फोटोंचा पडदा वर आला, तर सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्या उघडा. तिथे फोटोंची परवानगी दिलेली नाही आणि तरीही फोटो जोडता येतोय, म्हणजे तो पिकर. जुन्या अ‍ॅप्सना कधीकाळी दिलेली परवानगी तिथेच काढूनही घेता येते. त्यानंतर फोटो जोडून पाहा. चांगलं बनवलेलं अ‍ॅप पिकर उघडून काम पुढे नेतं, आणि जे अडून बसतं त्याच्या बनवणाऱ्याने तो वापरायची तसदीच घेतलेली नसते.