मॅपवरचा लाल पट्टा म्हणजे रस्ता बंद नव्हे

"भावाने चिपळूणहून निघताना स्क्रीनशॉट पाठवलाय, संगमेश्वरजवळ लाल दिसतंय, म्हणजे रस्ता बंद ना? की पोचायच्या वेळेत अर्धा तास वाढवून धरू?"

दोन्ही नाही. गूगल मॅप्सवर लाल म्हणजे गाड्या हळू चालल्यात, गडद लाल म्हणजे अजून हळू, आणि रस्ता बंद असेल तर लाल गोलात पांढरी आडवी रेघ असलेलं चिन्ह येतं, ते शोधा. त्या लाल पट्ट्याचा उशीर खालच्या वेळेत आधीच धरलेला असतो, वर तुम्ही अर्धा तास टाकलात की तो दोनदा मोजला जातो.

निळ्याचंही तसंच, निळा म्हणजे ट्रॅफिकमुळे उशीर नाही एवढंच, घाटात वळणावर गाडी तीसनेच चालणार. आणि फिकी रेघ खराब रस्ता नाही, दुसरा पर्याय आहे.

खरं बघायचं ते स्क्रीनशॉटमधलं वरचं घड्याळ, म्हणजे तो कधी काढलाय. समजा तिथे 1:10 आहे, खाली 2 तास 10 मिनिटं आणि पोचायची वेळ 3:20. भाऊ दोन वाजता निघाला तर पोचायला 4:10, तेही ट्रॅफिक तसंच राहिलं आणि मध्ये चहाला थांबला नाही तर, कारण स्क्रीनशॉट काय अपडेट होत नाही. त्यापेक्षा त्याला लाइव्ह लोकेशन शेअर करायला सांगा.