एर्मीट समीकरण

एर्मीट समीकरण : y″ − 2xy′ + 2λy = 0 हे दुसऱ्या कोटीचे रेषीय अवकल समीकरण. यात y′ चा सहगुणक x बरोबर बदलतो आणि λ हा प्रचल आहे. λ ला 0, 1, 2, 3… यांपैकी मूल्य दिले, तर घातमालिकेच्या रूपातील दोन उकलींपैकी एक मध्येच खंडित होऊन बहुपदी उरते. योग्य स्थिरांकाने गुणल्यावर तिला एर्मीट बहुपदी म्हणतात व ती Hₙ(x) अशी लिहितात.

हे नाव एर्मीट यांच्याकडे कितपत न्यायाने जाते, याविषयी मतभेद आहेत. प्येअर-सीमाँ लाप्लास यांच्या संभाव्यताविषयक लेखनात साधारण १८१० च्या सुमारास याच बहुपदी येतात, पण आजच्या वाचकाला त्या चटकन ओळखू येणार नाहीत अशा वेषात. पाफ्नुती चेबिशेव यांनी १८५९ मध्ये एका चलाच्या फलनांच्या विस्तारावर लिहिताना त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. शार्ल एर्मीट यांचे टिपण १८६४ मधील आहे. चेबिशेव यांच्या कामाकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. एका चलापुरते पाहिल्यास अग्रमान चेबिशेव यांच्याकडेच जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अनेक चलांच्या बहुपदी मात्र एर्मीट यांच्याच म्हणाव्या लागतात. या जुन्या लेखनात मुख्य भर e^(−x²) या फलनावर व त्याच्या अवकलजांवर होता. मालिका खंडित होण्याच्या अटीला आजचे महत्त्व आले ते पुंजयामिकीमुळे, १९२६ नंतर.

मालिकेची उकल : y = a₀ + a₁x + a₂x² + … असे मानून समीकरणात घातले आणि xᵏ चे सहगुणक एकत्र करून शून्याबरोबर ठेवले की पुढील संबंध मिळतो :

aₖ₊₂ = 2(k − λ) aₖ / [(k + 1)(k + 2)]

हा संबंध एक पायरी सोडून चालतो. त्यामुळे सम घातांची मालिका a₀ वर आणि विषम घातांची a₁ वर अवलंबून राहते. दोघींचा एकमेकींशी संबंध येत नाही. λ = 4 घेऊ. a₀ = 1 धरल्यास a₂ = −4 येतो आणि a₄ = 2(2 − 4)(−4)/12 = 4/3. पुढे k = 4 ला कंसातील वजाबाकी शून्य होते, म्हणून a₆ शून्य आणि त्यानंतरचे सगळे सम सहगुणकही शून्य. उरते 1 − 4x² + (4/3)x⁴. तिला 12 ने गुणले की रूढ H₄(x) = 16x⁴ − 48x² + 12 मिळते. याच λ साठी विषम मालिका मात्र थांबत नाही. a₁ = 1 घेतल्यास a₃ = −1, a₅ = 1/10, a₇ = 1/210 असे सहगुणक येतात आणि तिथून पुढे सगळे धनच राहतात. कोणत्याही एका λ साठी दोन्ही मालिका एकदम खंडित होऊ शकत नाहीत. λ ऋण पूर्णांक असेल तर एकही होत नाही, कारण k − λ कधी शून्यच होत नाही.

मालिका खंडित का करावी लागते : अनंत मालिका अपसारी आहे म्हणून ती तोडावी लागते, असे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. लझांद्र समीकरणात x = ±1 हे विलक्षण बिंदू असल्याने तिथे या उत्तराला आधार आहे. एर्मीट समीकरणाला सांत अंतरावर एकही विलक्षण बिंदू नाही, त्यामुळे दोन्ही मालिका x च्या प्रत्येक मूल्याला अभिसारी असतात. निव्वळ समीकरणाच्या दृष्टीने कोणताही λ चालतो. अडचण दूरच्या x ला येते. k मोठा झाला की aₖ₊₂/aₖ हे गुणोत्तर 2/k च्या जवळ जाते, आणि e^(x²) च्या मालिकेतही नेमके तेच होते. म्हणून न थांबणारी सम किंवा विषम मालिका e^(x²) च्या वेगाने वाढते.

एर्व्हिन श्रोडिंजर यांनी १९२६ मध्ये हरात्मक आंदोलकाचा प्रश्न सोडवला, तेव्हा हाच मुद्दा निर्णायक ठरला. योग्य एकके घेतल्यास तरंग समीकरण ψ″ + (ε − x²)ψ = 0 असे होते. इथे ε = 2E/ħω. ψ = e^(−x²/2) y असे लिहिले की y साठी एर्मीट समीकरण मिळते आणि 2λ = ε − 1 ठरते. y जर e^(x²) सारखा वाढला, तर पुढचा e^(−x²/2) त्याला आवरायला अपुरा पडतो. ψ हे e^(x²/2) सारखे वाढते आणि |ψ|² चे संकलन सांत राहत नाही. बहुपदीला मात्र तो सहज दाबून टाकतो. त्यामुळे λ = n हेच चालते आणि E = (n + ½)ħω ही ऊर्जापातळ्यांची शिडी मिळते.

पाठ्यपुस्तकांतला हा युक्तिवाद एका ठिकाणी अपुरा असतो. सम व विषम मालिका वेगवेगळ्या वाढतात हे खरे, पण त्यांचे मिश्रण केल्यास वाढ एकमेकींत कटून जाणार नाही कशावरून? ती कटते. λ पूर्णांक नसतानाही a₀ व a₁ यांचे असे एक प्रमाण असते, की धन बाजूला दूरवर उकल केवळ x^λ इतकीच राहते. परंतु ऋण बाजूला विषम मालिकेचे चिन्ह उलटते आणि तिथे दोन्ही वाढी एकमेकींत मिळतात. दोन्ही टोके एकदम सांभाळता येत नाहीत. पूर्णांकाची सक्ती होते ती इथे.

किंचित चुकलेला प्रचल : λ = 4.01 घेतला, तर सम मालिकेत a₂ = −4.01 आणि a₄ ≈ 1.343. हे आधीच्या सहगुणकांच्या अगदी जवळ आहेत. a₆ शून्याऐवजी सुमारे −0.0009 येतो, आणि त्यापुढचे सगळे सम सहगुणक ऋण राहतात. x = 3 ला बहुपदीचे मूल्य 73 आहे, तर या मालिकेचे सुमारे 71; फरक नगण्य वाटतो. x = 4 ला बहुपदी 278 च्या वर असते, पण मालिका शून्याखाली, −10 च्या आसपास उतरलेली असते, कारण ते क्षुल्लक शेपूट तिथे −291 च्या घरात गेलेले असते. λ = 3.99 घेतल्यास शेपटाचे चिन्ह पालटते आणि उकल वर उसळते. संगणकावर ऊर्जापातळी शोधताना याच खुणेचा उपयोग होतो : दोन जवळच्या λ मूल्यांना उकल दूरवर विरुद्ध दिशांनी गेली, तर स्वीकार्य मूल्य त्या दोहोंच्या मध्ये असते. उलट, λ अगदी अचूक असला तरी समीकरण पायरीपायरीने सोडवताना निकटनाच्या चुकीतून वाढणारी उकल आत शिरते आणि पुरेशा दूरवर तीच डोके वर काढते. म्हणून x चे टोक फार लांब ठेवत नाहीत.

संकेतभेद : संख्याशास्त्रात e^(−x²/2) हे भारफलन घेण्याची रीत आहे. तिथले समीकरण y″ − xy′ + ny = 0 असे असते आणि बहुपदीच्या सर्वोच्च घाताचा सहगुणक 1 ठेवतात; चौथी बहुपदी x⁴ − 6x² + 3 अशी येते. या बहुपदी Heₙ(x) अशा लिहिल्या, तर दोन्ही संकेतांना जोडणारा संबंध Hₙ(x) = 2^(n/2) Heₙ(√2 x) हा आहे. कोष्टक कोणत्या संकेताचे आहे ते दुसऱ्या बहुपदीवरून लगेच कळते : भौतिकीत 4x² − 2, संख्याशास्त्रात x² − 1.