मांजर आणि उन्हाळा: खुलासा

"मांजर मूळची वाळवंटातली, तिला ऊन बाधत नाही आणि पाणीपण फारसं लागत नाही."

मूळचं बरोबरे, पण ती रानमांजरं दुपारी सावलीत पडून राहायची आणि पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचं, आपण नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत तिला कोरडं कॅट फूड देतो ज्यात पाणी जेमतेम १० टक्के. म्हणून पसरट बाऊल ठेवा, खाण्यापासून आणि लिटर बॉक्सपासून लांब, पाणी दोनदा बदला, नाहीच प्यायली तर खाण्यातच दोन चमचे कालवा. (दूध नको, बऱ्याच जणींना जुलाब होतात.) कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकतेय, लाळ गळतेय, झोकांड्या जातायत तर हीटस्ट्रोक समजा, साध्या पाण्याने अंग भिजवा, फॅन लावा, बर्फ अजिबात नको, आणि लगेच व्हेटकडे न्या.