फोल्डेबल फोनची घडी म्हणजे बिघाड नव्हे

“उघडमीट करून बिजागरी वर्षभरात ढिली होते, म्हणूनच स्क्रीनवर घडी दिसते ना?”

नाही. घडी बिजागरी ढिली झाल्यामुळे नव्हे, स्क्रीनच्या थरांमुळे पडते. आतली काच केसापेक्षाही पातळ असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो. एकाच पट्टीवर सतत ताण आल्याने तिथे उथळ खाच राहते. स्क्रीन बंद करून उजेडात तिरकी धरली की ती ठळक दिसते. समोरून वाचताना सहसा जाणवत नाही.

बिजागरीची चाचणी सहसा निदान 2 लाख वेळा उघडमीट करून होते. दिवसाला 100 वेळा उघडला तरी साडेपाच वर्षं झाली. मात्र ही चाचणी यंत्र करतं, खिशातली धूळ त्यात नसते, आणि खरा शत्रू धूळच. उघडताना करकर आवाज आला, फोन पूर्ण सपाट होईना किंवा घडीवरच्या फिल्मला फुगा आला, तर सर्व्हिस सेंटर गाठा. फिल्म स्वतः सोलू नका, ती स्क्रीनचाच भाग असते.

रोज पीडीएफ, एक्सेल किंवा दोन ॲप शेजारी-शेजारी लागणाऱ्याला हा फोन खरंच उपयोगी पडतो. रेती-सिमेंटमध्ये काम करणाऱ्याने मात्र साधाच घ्यावा.