भाडेकरारातील वर्तनाचे नियम

भाड्याच्या घरात आवाज किती असावा, कोणी यावे, कोणी मुक्काम करावा आणि राहणाऱ्याने शेजाऱ्यांशी कसे वागावे याबद्दल घरमालकाने घातलेल्या अटींना वर्तनाचे नियम म्हणतात. हे नियम भाडेकरारात लिहिलेले असतात किंवा कराराला जोडलेल्या वेगळ्या नियमावलीत दिलेले असतात. सही झाल्यानंतर मालकाने दारावर चिकटवलेला नवा नियम भाडेकरूवर आपोआप बंधनकारक होत नाही. त्यासाठी तसा अधिकार करारातच राखलेला असावा लागतो आणि तो असला तरी नियम वाजवी असावा लागतो.

घर भाड्याने देणारा मालकी स्वतःकडे ठेवतो, पण ताबा दुसऱ्याला देतो. ताबा म्हणजे इतरांना, अगदी मालकालाही, दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार. भारताच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदत संपेपर्यंत विनाव्यत्यय ताबा मिळायला हवा. इंग्लिश कायद्यातही हेच तत्त्व जुने आहे. म्हणून वर्तनाचा प्रत्येक नियम एका कसोटीवर तपासावा लागतो: तो इतरांना होणारा त्रास थांबवतो, की दिलेला ताबाच परत काढून घेतो? ‘रात्री दहानंतर गाणी मोठ्याने लावू नयेत’ हा पहिल्या प्रकारचा नियम आहे. ‘घरात कोण आले ते आधी मालकाला कळवावे’ हा दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो.

आवाजाबाबत सर्वांत मोठा गैरसमज असा, की ऐकू आले म्हणजे नियम मोडला. इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९९ साली साउथवर्क विरुद्ध मिल्स या प्रकरणात याचा सखोल विचार केला. जुन्या इमारतींतील भाडेकरूंना शेजारच्या घरांतील रोजचे सगळे आवाज ऐकू येत होते, कारण भिंती-तक्तपोशींतून आवाज अडतच नव्हता. न्यायालयाने ठरवले, की शेजारी घराचा नेहमीचा वापर करत आहेत, तो उपद्रव नव्हे. चालणे, बोलणे, लहान मुलाचे रडणे, भांडी घासणे यांवर वर्तनाचा नियम लागू करता येत नाही. उपद्रव ठरतो तो वेळ, तीव्रता, वारंवारता आणि टाळता येण्याजोगेपणा या सगळ्यांवरून. मध्यरात्री स्पीकर लावणे टाळता येते. रडणारे बाळ गप्प करणे आईबापांच्या हातात नेहमीच नसते.

पाहुण्यांच्या नियमात खरी रेषा पाहुणा आणि रहिवासी यांच्यात असते. भेटायला आलेला माणूस, अगदी एखादी रात्र राहिलेलाही, ताब्याच्या अधिकारातच येतो. त्याच्यावर सरसकट बंदी घालणारी अट बऱ्याच न्यायव्यवस्थांत टिकत नाही. मात्र तोच माणूस महिनोन्महिने राहू लागला, त्याचे पत्र त्या पत्त्यावर येऊ लागले, त्याच्याकडे किल्ली आली, किंवा तो भाड्यातला वाटा देऊ लागला, की प्रश्न पोटभाडेकरूचा होतो. तेव्हा संमतीशिवाय दुसऱ्याला ठेवू नये ही अट लागू पडू शकते. न्यूयॉर्क राज्यात १९८३ च्या कायद्याने याहून पुढे जाऊन, करारात काहीही लिहिले असले तरी भाडेकरूला जवळच्या कुटुंबीयांसह आणखी एक व्यक्ती ठेवण्याची मुभा दिली आहे. अट लिहिलेली आहे एवढ्यावरून ती लागू होते असे धरू नये, हे यावरून स्पष्ट होते.

एक कल्पित उदाहरण पाहू. करारात दोन अटी आहेत: रात्री दहानंतर शांतता, आणि लेखी संमतीशिवाय अन्य कोणाचा मुक्काम नाही. भाडेकरूचा मित्र दोन आठवडे राहायला आला आहे. त्या काळात दोन्ही शनिवारी मध्यरात्रीपर्यंत संगीत चालले आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याने तक्रार केली. मालकाने प्रथम शेजाऱ्याकडून तारीख, वेळ आणि आवाजाचे स्वरूप लिहून घ्यावे. ‘नेहमी गोंगाट असतो’ हे वाक्य न्यायालयात काही सिद्ध करत नाही. मग भाडेकरूला लेखी नोटीस द्यावी: कोणत्या तारखांना काय घडले, करारातील कोणती अट मोडली आणि काय बदलायला हवे. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ११४-अ, जिथे लागू होते तिथे, भाडे थकवणे किंवा घर पोटभाड्याने देणे याव्यतिरिक्त अन्य अट मोडल्याच्या कारणावरून ताबा मागताना नेमका भंग सांगणारी आणि तो दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्तीस सांगणारी नोटीस आवश्यक मानते. जर्मनीतही करार तात्काळ संपवण्यापूर्वी सहसा अशी ताकीद द्यावी लागते.

समजा ताकीद मिळताच संगीत थांबले आणि मित्र निघून गेला. मग मालकाच्या हातात ताबा मागण्याचे कारण उरत नाही, आणि ते योग्यच आहे. हेतू त्रास थांबवण्याचा होता. संगीत पुन्हा सुरू झाले तर मात्र नोंदी आणि नोटीस यांच्या जोरावर दावा उभा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव देणारे वर्तन हे ताबा मागण्याचे कारण आहे आणि त्यात भाडेकरूसोबत राहणाऱ्यांचे वर्तनही मोजले जाते. इथे मालक अनेकदा एक चूक करतात: भंग माहीत असूनही नंतरच्या महिन्यांचे भाडे मुकाट्याने घेत राहतात. त्या भंगावरून करार संपवण्याचा हक्क त्यामुळे सोडल्यासारखा मानला जाऊ शकतो.

मालक स्वतः करू शकत नाही अशा गोष्टी अधिक ठामपणे सांगायला हव्यात. कुलूप बदलणे, पाणी-वीज तोडणे, सामान बाहेर काढणे, पाहुण्याला दारात अडवणे, न सांगता घरात शिरणे हे नियम मोडला म्हणून वैध होत नाही. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने बेकायदा हुसकावणे आणि छळ हा गुन्हा ठरवला आहे. भारतात बळजबरीने ताबा गेला तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मिळवता येतो. प्रत्येक भंगाला ठरावीक दंड लावणाऱ्या अटीही जशाच्या तशा वसूल होत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, नमूद रक्कम ही तिची कमाल मर्यादा. अनामत रकमेतून असा दंड परस्पर कापणे त्यामुळे वादग्रस्त ठरते.

मालकाच्याच घरातील खोली किंवा वसतिगृहातील खाट घेणाऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याला ताबा नसून केवळ राहण्याची परवानगी असू शकते आणि तिथे मालकाचे नियम बरेच कडक असू शकतात. पण कागदावरचे नाव अंतिम नसते. कोणाकडे खऱ्या अर्थाने एकट्याचा ताबा आहे हे पाहून इंग्लंडच्या न्यायालयाने १९८५ साली स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड प्रकरणात ‘परवाना’ म्हणवलेला करार भाडेकरार ठरवला होता.