जुनं आधी की नवं आधी: एकाच लेखकाची कामं सूचीत लावताना

प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आणि बायोडेटाला जोडलेली लेखनसूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणालाही विचारा, तो हो म्हणेल. मग सूची करायला बसेल आणि एकीचा नियम दुसरीला लावेल. मी प्रबंध तपासतो, आणि वर्षानुवर्षं तीच खूण पेनानं करून आता कंटाळलो आहे.

लेखनसूची तुम्हाला माहीत आहेच: माणूस एक, त्याची कामं अनेक, ताजं सर्वांत वर. वाचणाऱ्याला हा माणूस सध्या काय करतो हे बघायचं असतं, म्हणून नवं आधी. विषय संपला.

संदर्भसूची मुळात वर्णानुक्रमानं लागते. तिच्यात एकाच लेखकाची चार-पाच कामं आली तरच वर्षाचा प्रश्न येतो, आणि तिथं प्रघात जुनं आधी असा आहे. एपीए तेच सांगते, शिकागोची लेखक-वर्ष पद्धतही तेच सांगते. (एमएलएमध्ये आणि शिकागोच्या तळटीपांच्या पद्धतीत एकाच लेखकाची कामं शीर्षकाच्या वर्णक्रमानं लागतात, वर्षाचा संबंधच नाही. तिथं कालक्रम लावून देणाऱ्यांचं वेगळं दुखणं आहे, ते आज सोडतो.)

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. खरी गफलत पुढे आहे: 'जुनं आधी' हा नियम नेमका कुठल्या नोंदींना लागतो? लोक धरून चालतात की सूचीत 'आइन्स्टाइन' या आडनावानं सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदींना. तसं नाही. तो लागतो फक्त ज्यांची लेखकांची पूर्ण नावं हुबेहूब एक आहेत अशा नोंदींना. सहलेखक आला की ती वेगळी नोंद, वेगळा गट. वर्षाकडे बघायची पाळी गट ठरल्यावर येते.

आइन्स्टाइनचंच उदाहरण घेऊ, कारण त्याची कामं यासाठी अगदी सोयीची आहेत. समजा तुमच्या सूचीत त्याचे एकट्याचे 1905चे चार निबंध आहेत, 1916चा सामान्य सापेक्षतेवरचा आहे, आणि 1936चा, ताऱ्यामुळे प्रकाश भिंगातून जावा तसा वाकतो त्याबद्दलचा. शिवाय रोझेनबरोबरचा 1935चा, पोडोल्स्की आणि रोझेन या दोघांबरोबरचा 1935चा, आणि इन्फेल्ड व हॉफमन यांच्याबरोबरचा 1938चा.

माझ्यापुढे येणाऱ्या दहापैकी आठ प्रबंधांत ही सूची अशी असते: 1905, 1916, 1935, 1935, 1936, 1938. दिसायला सुरेख, पायऱ्या चढत जाव्यात तशी वर्षं. आणि चूक. एपीएप्रमाणे लावली तर ती अशी होते:

आइन्स्टाइन (1905, चार निबंध)
आइन्स्टाइन (1916)
आइन्स्टाइन (1936)
आइन्स्टाइन, इन्फेल्ड, हॉफमन (1938)
आइन्स्टाइन, पोडोल्स्की, रोझेन (1935)
आइन्स्टाइन, रोझेन (1935)

शेवटच्या तीन ओळी बघून विद्यार्थी हमखास म्हणतो, 'सर, वर्षं उलटी झाली की.' झाली नाहीत. एकट्याची कामं आधी येतात, कारण एका नावानंतर काहीच नसणं हे काहीतरी असण्याच्या आधी येतं, शब्दकोशात 'कर' हा 'करवत'च्या आधी येतो तसं. मग जोडीनं लिहिलेली, ती दुसऱ्या नावाच्या वर्णक्रमानं: इन्फेल्ड, पोडोल्स्की, रोझेन. इ, प, र. या तिघांत लेखकांची यादी एकसारखी असलेल्या दोन नोंदीच नाहीत, म्हणून इथं वर्षाला बोलायची संधीच मिळत नाही. 1938 हे 1935च्या वर बसतं आणि बरोबर बसतं.

म्हणून माझी तपासणीची एक युक्ती आहे. एका आडनावाखाली सहलेखक असलेल्या नोंदी आहेत आणि तरी वर्षं वरपासून खालपर्यंत एकदाही न अडखळता चढत जातात, असं दिसलं की मी थांबतो. योगायोगानं तसं होऊ शकतं, पण बहुधा कुणीतरी नुसतं वर्षावर क्रम लावलेला असतो.

यात एक खरा मतभेद आहे आणि तो चुकीत धरू नका. स्प्रिंगरच्या बेसिक शैलीत एकट्याची कामं आधी, मग दोघांची सहलेखकाच्या नावानं, आणि तिघे किंवा जास्त असले की सहलेखकांची नावं न बघता सरळ वर्षानं. म्हणजे आपल्या उदाहरणात रोझेनबरोबरचा 1935चा आधी येईल, मग पोडोल्स्की-रोझेनचा 1935चा, आणि इन्फेल्डचा 1938चा शेवटी. यामागचं कारण मला पटतं: मजकुरात तुम्ही 'आइन्स्टाइन व इतर, 1938' एवढंच लिहिता. वाचणाऱ्याला दुसरा लेखक कोण हे माहीतच नाही, तर त्याच्या नावानं सूची लावून त्याला काय फायदा? एपीए मात्र तिघांनाही 'व इतर' करते आणि सूची तरी दुसऱ्या नावानंच लावते. मला ते अडाणीपणाचं वाटतं, पण एपीए मागितली असेल तर एपीएच द्या.

आता 'नवं आधी'कडे. काही वेळा वर्णानुक्रम राखूनच प्रत्येक लेखकाचं ताजं काम वर ठेवायला सांगतात. वाचनयाद्यांत हे दिसतं. इथं दुसरी गफलत होते, ती पहिलीचीच बहीण आहे. लोक सगळी सूची पालथी करतात. मग रोझेनबरोबरचं वर जातं, एकट्याचं खाली येतं आणि गटांचा क्रमच बिघडतो. क्रम तीन पायऱ्यांवर ठरतो: आधी लेखकांची नावं, मग वर्ष, मग शीर्षक. 'नवं आधी' म्हणजे फक्त मधली पायरी उलटायची. वरची आणि खालची होत्या तशाच. बरोबर लावलं तर आधी आइन्स्टाइन 1936, मग 1916, मग 1905चे चार. त्यानंतर इन्फेल्ड, पोडोल्स्की, रोझेन अगदी आधीच्याच क्रमानं, कारण तिथं उलटायला एकही जोडी नाही.

सॉफ्टवेअर वापरणारे याहून मोठा खड्डा खणतात. बिबलाटेकमध्ये नवं आधी हवं म्हणून `sorting=ydnt` देतात. त्या अक्षरांचा क्रमच सांगतो: आधी वर्ष उतरत्या क्रमानं, मग नाव, मग शीर्षक. म्हणजे वर्णानुक्रम गेलाच. याच सूचीत बोरचे 1913 आणि 1935चे निबंध असतील तर 1938 आणि 1936चे आइन्स्टाइन वर, मग 1935मध्ये एक बोर आणि दोन आइन्स्टाइन, पुढे 1916चा आइन्स्टाइन, त्याखाली 1913चा बोर, शेवटी 1905. एक बोर शोधायला दोनदा फिरा. लेखनसूचीत हे चालतं, कारण तिथं लेखक एकच असतो. नेमकं तिथलं उचलून लोक इथं डकवतात. नावाखाली वर्ष उतरतं ठेवणारा तयार पर्याय बिबलाटेकमध्ये मिळत नाही, आपला साचा जाहीर करावा लागतो. झोटेरोसारखी साधनं वापरतात त्या सीएसएल शैलीत हे जास्त सुटसुटीत दिसतं:

```xml
<sort>
  <key macro="author"/>
  <key variable="issued" sort="descending"/>
  <key variable="title"/>
</sort>
```

तीन ओळी, तीन पायऱ्या, `descending` फक्त मधलीला. मात्र नोंदींत तारखेच्या जागी नुसतं वर्ष भरा, महिना भरला तर `issued` त्यावरही क्रम लावतं आणि शीर्षकाची पाळीच येत नाही. एक्सेलमध्ये करत असाल तरी हेच: क्रम लावण्याच्या खिडकीत तीन पातळ्या द्या, नाव चढतं, वर्ष उतरतं, शीर्षक चढतं. नुसत्या वर्षाच्या स्तंभावर उभं राहून बटण दाबलं की झालाच घोटाळा.

शीर्षकाची पायरी लोक फुकाची समजतात, म्हणून 1905चे ते चार निबंध. सारखं वर्ष, सारखा लेखक, तर वर्षामागं अक्षर लागतं: 1905अ, 1905ब वगैरे. कुठल्याला अ? बहुतेक जण छापून आले त्या क्रमानं देतात: प्रकाशविद्युत परिणामाचा जूनमध्ये, ब्राउनच्या गतीचा जुलैमध्ये, विशिष्ट सापेक्षतेचा सप्टेंबरमध्ये, वस्तुमान आणि ऊर्जेचा नोव्हेंबरमध्ये. एपीएत नियतकालिकातल्या निबंधाला फक्त वर्ष लिहितात, महिना नाही. म्हणून बरोबरी शीर्षकानं सोडवायची. मूळ जर्मन शीर्षकं अनुक्रमे 'यूबर आयनन', 'यूबर डी', 'त्सुर' आणि 'इस्ट' अशी सुरू होतात. रोमन लिपीत आय आधी, मग यू (त्यातही डी हे आयननच्या आधी), मग झेड. म्हणून 1905अ म्हणजे नोव्हेंबरचा, सर्वांत शेवटी आलेला निबंध. ब जुलैचा, क जूनचा, ड सप्टेंबरचा. आणि सूची नवं आधी असली तरी ही अक्षरं अ, ब, क, ड अशीच उतरतात, कारण शीर्षकाची पायरी आपण उलटलेलीच नाही. ड, क, ब, अ असं दिसलं तर समजा, कुणीतरी सगळंच पालथं घातलंय.

आता आपल्याच घरातली एक चीड. मराठीत आपण अ, ब, क, ड लावतो, आणि ती वर्णमाला नव्हेच. इंग्रजीच्या ए, बी, सी, डीची ती सावली आहे. देवनागरीचा खरा क्रम अ, क, ड, ब असा होतो. त्यामुळे '1905क' असा तयार मजकूर एका स्तंभात लिहून संगणकाला क्रम लावायला सांगितलं की क आणि ड हे दोघे बच्या आधी जाऊन बसतात, आणि विद्यार्थी अर्धा दिवस शोधत राहतो की चुकलं कुठं. एक तर अ, आ, इ, ई वापरा, किंवा क, ख, ग, घ, किंवा अक्षरं लावायचं काम सगळ्यात शेवटी करा, क्रम शीर्षकावर पक्का झाल्यानंतर. मी शेवटचं करतो, कारण ऐनवेळी 1905चा पाचवा निबंध घुसला की अक्षरं तशीही सरकतात, आणि मजकुरात जिथं जिथं 1905ब लिहिलंय ते पुन्हा शोधावं लागतं.

वर्ष नसलेल्या आणि छपाईच्या वाटेवर असलेल्या कामांचं थोडक्यात: एपीएत तारीख नसलेलं सर्वांत आधी, छापायला गेलेलं सर्वांत शेवटी. उलट्या क्रमात मी छपाईतलं सर्वांत वर घेतो आणि बिनतारखेचं तळाला टाकतो.