दहावीत गणितात २८ गुण, तरीही पास: गणित-विज्ञानाचं कंबाइंड पासिंग कसं चालतं

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीला एका विषयात पास व्हायला १०० पैकी ३५ गुण लागतात, हे सगळ्यांनाच पाठ असतं. पण गणित आणि विज्ञान हे दोन विषय मंडळ एका जोडीत धरतं. दोन्हींत मिळून २०० पैकी ७० गुण असतील आणि कोणत्याही एका विषयात २५ पेक्षा कमी नसतील, तर मूल दोन्ही विषयांत पास धरलं जातं. शाळेत याला कंबाइंड पासिंग म्हणतात. निकाल लागल्यावर घरात जी घबराट उडते, त्यात ही जोडी नीट पाहायची राहून जाते. मग पास झालेलं मूल नापास समजून रडत बसतं किंवा दोन गुणांनी अडकलेलं मूल चुकीच्या विषयाचा अर्ज भरतं.

या सवलतीसाठी वेगळा अर्ज नसतो, दाखला लागत नाही. निकाल तयार होतानाच ती लागू होते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे mahresult.nic.in वर बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून निकाल उघडायचा, त्याची प्रिंट काढायची आणि कागदावर दोनच गोष्टी तपासायच्या. आधी पाहायचं की दोन्ही विषयांत २५ किंवा जास्त आहेत का. मग पाहायचं की बेरीज ७० होते का.

समजा गणितात २८ आणि विज्ञानात ४५ आहेत. दोन्ही आकडे २५ च्या वर, बेरीज ७३, म्हणजे पास. गणितात सात कमी पडले होते आणि विज्ञानात दहा जास्त होते. त्या दहांतून सात भरून निघाले. आता दुसरं मूल घ्या. त्याला गणितात २४ आणि विज्ञानात तब्बल ८० आहेत. बेरीज १०४, पण गणित २५ च्या खाली असल्यामुळे ते गणितात नापास. विज्ञानात कितीही चांगले गुण असले तरी दहापेक्षा जास्त तूट या नियमातून भरून निघत नाही. तिसऱ्याला गणितात ३३ आणि विज्ञानात ३४. दोन्हीकडे अगदी काठावर, पण बेरीज ६७ आणि शिल्लक कुठेच नाही, म्हणून दोन्ही विषय गेले. २८ वालं पास आणि ३३ वालं नापास हे पाहून पालक मंडळाची चूक झाली असं धरून चालतात. चूक नसते. एका विषयातली तूट भरायला जोडीदार विषयात ३५ च्या वर काहीतरी असावं लागतं, एवढंच.

२५ ची अट पूर्ण शंभर गुणांवर मोजतात, म्हणजे अंतर्गत गुण त्यात धरलेले असतात. गणिताचे भाग एक आणि भाग दोन असे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० अंतर्गत. विज्ञानाचे तसेच दोन पेपर आणि २० प्रात्यक्षिकाचे. म्हणून बीजगणितात ६, भूमितीत ५ आणि अंतर्गत १६ असले तरी गणिताचे २७ होतात आणि २५ ची अट पुरी होते. अशा मुलाला विज्ञानात ४३ हवेत.

तीन भाषांचाही असाच गट आहे: प्रत्येक भाषेत किमान २५ आणि तिन्ही मिळून १०५. इंग्रजीत २५, हिंदीत ३१ आणि मराठीत ५२ असतील तर बेरीज १०८ होते आणि इंग्रजी, हिंदी दोन्ही सुटतात. मात्र गट ओलांडता येत नाही. मराठीतले जास्तीचे गुण गणिताला मिळत नाहीत. सामाजिक शास्त्रं कोणत्याच जोडीत नाहीत. तिथे सरळ ३५ लागतात.

आणखी एक गोष्ट गुणपत्रिका पाहताना गोंधळात टाकते. कंबाइंड पासिंगमध्ये गुण वाढवून दिले जात नाहीत, २८ चे २८ च राहतात. विज्ञानाचेही कमी होत नाहीत. टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते, त्यामुळे गणित सर्वांत कमी असेल तर ते २८ टक्केवारीत येतही नाहीत.

खरी मेहनत घ्यावी लागते ती बेरीज थोडक्यात हुकते तेव्हा. गणितात २९, विज्ञानात ३९, एकूण ६८. निकालात विज्ञान पास आणि गणित नापास दिसतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण फक्त गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतो. पण इथे हवे आहेत बेरजेत दोन गुण, आणि ते विज्ञानातून आले तरी चालतात. विज्ञानाचे ४१ झाले की बेरीज ७० होते आणि गणित आपोआप सुटतं. दोन्ही विषयांचे मिळून चार पेपर असतात. एखादं उत्तर तपासायचं राहिलेलं असण्याची किंवा पानावरचे गुण पहिल्या पानावर चढवताना सुटण्याची शक्यता चारही पेपरांत असते. पैसे एकाच विषयाचे भरायचे असतील, तर मुलाला ज्या विषयात आपल्याला कमी गुण मिळाले असं ठामपणे वाटतं तो निवडावा, मग तो पास झालेला विषय का असेना. याउलट २४ आणि ८० च्या मुलाने विज्ञानाची छायाप्रत मागवण्यात काहीच अर्थ नाही. त्याला तो एक गुण गणितातच मिळवावा लागेल.

क्रम असा आहे. निकालानंतर mahahsscboard.in वर गुणपडताळणी आणि छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्जाची मुदत जाहीर होते. प्रत्येक विषयाचं शुल्क वेगळं, तेही ऑनलाइनच भरायचं. निकालाची प्रिंट आणि बैठक क्रमांक हाताशी ठेवावा. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर पाहिलं जातं. दिलेला गुण योग्य आहे का, हे पुनर्मूल्यांकनातच पाहतात आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेणं सक्तीचं आहे. छायाप्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज जावा लागतो, म्हणून छायाप्रत आली की त्याच दिवशी ती घेऊन विषयशिक्षकांकडे जावं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे गुण पुन्हा मांडून दाखवले की अर्ज करायचा की नाही ते तिथेच ठरतं. अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे गुण या कागदावर सापडणार नाहीत. ते शाळेने मंडळाला पाठवलेले असतात, त्यामुळे त्याबद्दलची शंका मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी.

हे सगळं चालू असतानाच जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत येते, आणि इथे मुलं सर्वांत जास्त अडकतात. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत थांबू नये; शाळेमार्फत पुरवणीचा अर्ज भरून टाकावा. तयारी करताना ‘बेरजेत दोनच कमी आहेत’ असा हिशोब मनात ठेवू नये, ३५ धरूनच अभ्यास करावा. ३३ आणि ३४ वाल्या मुलाला दोन्ही विषय पुन्हा द्यावे लागतात, पण दोनपर्यंत विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. त्यामुळे पुरवणीचा अर्ज भरला की अकरावीच्या प्रवेशाचा अर्जही लगेच भरावा.